चौसष्ट अक्षरांची साक्ष

१ जुलै २०२४ रोजी जुन्या पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. त्याच्या कलम ६३ प्रमाणे संगणकातली एखादी नोंद न्यायालयात पुरावा म्हणून द्यायची असेल, तर सोबत एक प्रमाणपत्र जोडावे लागते. या प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच छापलेला आहे. त्याचा पहिला भाग पक्षकार भरतो, दुसरा भाग तज्ज्ञ भरतो, आणि दोन्ही भागांत एक ओळ सारखीच आहे: या नोंदीचे हॅश मूल्य अमुक आहे आणि ते अमुक पद्धतीने काढले आहे. त्या जागी बहुधा इंग्रजी अक्षरे आणि आकडे यांची एक लांबलचक रांग टंकलेली असते. तिला अर्थ आहे, नेमका अर्थ आहे, आणि खाली सही करणाऱ्याला तो ठाऊक असायला हवा.

एक प्रसंग कल्पून पाहू. सातारा जिल्ह्यातल्या एका कुटुंबाचे १९७४ सालचे वाटणीपत्र आहे. सात पाने, कडा झिजलेल्या, एका घडीवर कागद फाटायला आलेला. धाकट्या घराने मोठ्या घरावर जमिनीचा दावा लावला आहे. वादीचे वकील आपल्या कार्यालयात हे वाटणीपत्र स्कॅन करून घेतात. तयार झालेली फाइल ४८ लाख बाइट्सची आहे आणि तिचे नाव vatanipatra.pdf. ती पेन ड्राइव्हवर घालून न्यायालयात द्यायची आहे, एक प्रत प्रतिवादीला द्यायची आहे. त्याआधी वकिलांचा सहायक विंडोजच्या काळ्या खिडकीत एक आज्ञा टंकतो:

```
certutil -hashfile vatanipatra.pdf SHA256
```

क्षणभरात उत्तर येते: ६४ चिन्हांची एक रांग. तिच्यात ० ते ९ हे आकडे आणि a ते f ही अक्षरे, याखेरीज काही नाही. हे त्या फाइलचे एसएचए-२५६ पद्धतीने काढलेले हॅश मूल्य. ते प्रमाणपत्रावर छापले जाते, त्याखाली सही होते आणि तो कागद न्यायालयाच्या दप्तरात जातो.

तीन वर्षांनी साक्षीपुराव्याच्या वेळी प्रतिवादी म्हणतो, पाचव्या पानावर धाकट्या घराच्या वाट्याला १ हेक्टर २० आर लिहिले होते. आता फाइलमध्ये १ हेक्टर ७० आर दिसते. मधल्या काळात कोणीतरी दोनाचे सात केले.

अशा आरोपाला एरवी उत्तर देणे अवघड असते. डोळ्यांनी पाहून काही ठरत नाही, कारण स्कॅन केलेल्या चित्रात एक आकडा बेमालूम बदलणे आज कोणत्याही फोटो दुरुस्त करणाऱ्या प्रोग्रॅमला जमते. फाइलवर दिसणारी तारीखही उपयोगाची नाही, ती हवी तशी बदलता येते. पण न्यायालयातल्या फाइलवर तीच आज्ञा पुन्हा चालवली आणि आलेली ६४ चिन्हे प्रमाणपत्रावरच्या ६४ चिन्हांशी तंतोतंत जुळली, तर प्रमाणपत्र दिले त्या दिवसापासून या फाइलमधला एकही बाइट बदललेला नाही, असे खात्रीने म्हणता येते.

ही खात्री कुठून येते ते पाहण्यासाठी फाइलकडे संगणकाच्या नजरेने पाहावे लागते. संगणकाला पाने, आकडे, शिक्के दिसत नाहीत. त्याला फक्त बिट्स दिसतात, म्हणजे शून्य आणि एक यांची एक लांब माळ. एसएचए-२५६ ही पद्धत त्या माळेचे ६४-६४ बाइट्सचे तुकडे पाडते. आपल्या ४८ लाख बाइट्सच्या फाइलचे ७५ हजार तुकडे होतात, आणि माळ किती लांब होती हे नोंदवणारा आणखी एक तुकडा शेवटी जोडला जातो. पहिल्या तुकड्यापूर्वी संगणक आठ ठरलेल्या संख्या घेतो. त्या जगात सगळीकडे त्याच असतात. पहिला तुकडा या आठ संख्यांमध्ये ६४ फेऱ्यांत मिसळला जातो: बिट्स सरकवायचे, एकमेकांशी ताडायचे, बेरजा करायच्या. त्यातून आठ नव्या संख्या तयार होतात. त्यांच्यात दुसरा तुकडा मिसळायचा, मग तिसरा. शेवटचा तुकडा संपल्यावर ज्या आठ संख्या हाती उरतात त्या ओळीने लिहिल्या की हॅश मूल्य तयार.

प्रत्येक तुकड्याचा निकाल पुढच्या तुकड्यात जातो. त्यामुळे पाचव्या पानावरचा एक ठिपका बदलला, तर त्यानंतरच्या हजारो तुकड्यांचे हिशेब बदलत जातात आणि शेवटची रांग ओळखू येणार नाही इतकी वेगळी होते. हे कोणालाही घरी करून पाहता येते. hello हा शब्द एका साध्या मजकूर-फाइलमध्ये ठेवा आणि हॅश काढा. मग पहिले अक्षर मोठे करून Hello ठेवा आणि पुन्हा काढा. उत्तरे अशी येतात:

```
hello
2cf24dba5fb0a30e26e83b2ac5b9e29e1b161e5c1fa7425e73043362938b9824

Hello
185f8db32271fe25f561a6fc938b2e264306ec304eda518007d1764826381969
```

संगणकाच्या भाषेत लहान h आणि मोठा H यांच्यात फक्त एका बिटचा फरक असतो. तेवढ्या फरकाने सगळी रांग विस्कटली. उत्तर वेगळे आले तर शब्दानंतर एन्टर दाबला गेला आहे का ते पाहावे. डोळ्यांना न दिसणारी ती नवी ओळही बाइट म्हणून मोजली जाते. आणि रांग e3b0c442 ने सुरू झाली, तर बहुधा तुमची फाइल पूर्ण रिकामी आहे, कारण शून्य बाइट्सचे हॅश मूल्य तसे सुरू होते. डाउनलोड फसून रिकाम्याच राहिलेल्या फाइली अशा पकडता येतात.

या विस्कटण्याचा एक व्यावहारिक फायदा आहे. प्रमाणपत्रावरची रांग आणि नव्याने काढलेली रांग यांत ६३ चिन्हे जुळली आणि एकच चुकले, तर फाइल बदललेली नाही, टंकताना चूक झाली आहे हे लगेच ओळखावे. फाइल खरोखर बदलली असती तर जवळजवळ सगळीच रांग निराळी आली असती. मात्र पहिली चार आणि शेवटची चार चिन्हे पाहून 'जुळले' म्हणणे धोक्याचे आहे. आठ चिन्हे जुळवण्यासाठी सरासरी सुमारे ४२९ कोटी प्रयत्न लागतात. फाइलमधले काही निरुपयोगी बाइट्स पुन्हा पुन्हा बदलत राहिल्यास साध्या संगणकालाही ते एका दिवसात जमू शकते. सगळीच्या सगळी ६४ चिन्हे जुळवण्याचा मार्ग आज कोणालाही माहीत नाही, कारण शक्य असलेल्या रांगांची संख्या ७८ आकडी आहे. म्हणून ताडायची तर पूर्ण रांग ताडायची.

इथपर्यंत सगळे गणित आहे, आणि गणिताची बाजू भक्कम आहे. पुरावा कच्चा पडतो तो दुसऱ्याच ठिकाणी. हॅश मूल्य दोन क्षणांची तुलना करते: तेव्हाची फाइल आणि आताची फाइल. आताचे मूल्य कोणीही काढू शकतो. तेव्हाचे मूल्य कुठे ठेवले होते आणि त्याला कोणाचा हात लागू शकत होता, यावर सगळे अवलंबून असते. पेन ड्राइव्हवर फाइलशेजारीच hash.txt नावाची फाइल करून त्यात मूल्य लिहून ठेवले, तर त्याचा उपयोग शून्य. जो दोनाचे सात करेल तो नवे मूल्य काढून hash.txt मध्येही लिहील, आणि तपासणाऱ्याला सगळे जुळलेलेच दिसेल. बँक ग्राहकाची नमुना सही त्याच्या चेकबुकात ठेवत नाही, स्वतःकडे ठेवते. हॅशचेही तसेच आहे. आपल्या गोष्टीतले मूल्य सहीच्या कागदावर, न्यायालयाच्या दप्तरात, दाखल केल्याच्या तारखेसह आहे, आणि त्याची प्रत प्रतिवादीकडेही आहे. फाइल बदलणाऱ्याला ते तिन्ही ठिकाणी बदलता आले पाहिजे. पुराव्याची ताकद त्यात आहे.

फाइल आणि मूल्य एकत्र ठेवूनही फसवणूक टाळण्याचा एक मार्ग आहे: डिजिटल सही. महाभूमीच्या संकेतस्थळावरून पैसे भरून घेतलेला डिजिटल सहीचा सातबारा घ्या. तिथे मजकुराचे हॅश मूल्य सही करणाऱ्याच्या गुप्त किल्लीने बंद करून पीडीएफच्या पोटातच ठेवलेले असते. फाइल उघडणारा प्रोग्रॅम मूल्य पुन्हा काढतो आणि आतल्या मूल्याशी ताडतो. मजकूर बदलणाऱ्याला नवे मूल्य काढता येईल, पण ते बंद करायला ती किल्ली त्याच्याकडे नसते. इथे एक गैरसमज वारंवार होतो. अशी पीडीएफ उघडल्यावर सहीवर पिवळे प्रश्नचिन्ह दिसले की लोक दस्तऐवज बनावट समजतात. त्या प्रश्नचिन्हाचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो, की सही करणाऱ्याला प्रमाणित करणारी संस्था तुमच्या संगणकाच्या विश्वासाच्या यादीत अजून नाही. सही झाल्यानंतर दस्तऐवज बदलला असेल तर प्रोग्रॅम तसे स्पष्ट शब्दांत सांगतो. आणि तो सातबारा छापून कागदावर घेतला, की आतली सही संपली. कागदाला बाइट्स नसतात. छापील प्रत तपासायची तर तिच्यावरचा पडताळणी क्रमांक संकेतस्थळावर टाकूनच.

पुन्हा साताऱ्याच्या दाव्याकडे वळू. समजा, तपासताना मूल्ये जुळलीच नाहीत. मग प्रतिवादीचे म्हणणे सिद्ध झाले का? नाही. हॅश मूल्य 'बदल झाला' एवढेच सांगते. काय बदलले, किती बदलले, कोणी बदलले, यावर ते गप्प असते. दोनाचे सात केले तरी रांग पूर्ण वेगळी येते, आणि कोणी आडवे पडलेले तिसरे पान सरळ करून फाइल पुन्हा सेव्ह केली तरी ती तितकीच वेगळी येते. पीडीएफ दुरुस्त करणारे प्रोग्रॅम सेव्ह करताना आत नवी तारीख आणि नवी ओळख लिहितात. पानावर काहीच न बदलता नुसते सेव्ह केले तरी मूल्य बदलू शकते. व्हॉट्सअ‍ॅपवर स्कॅनचे चित्र फोटो म्हणून पाठवले की ते लहान करण्यासाठी पुन्हा दाबले जाते आणि मूल्य जाते. तेच डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर बाइट्स तसेच राहतात. ईमेलला जोडल्याने, पेन ड्राइव्हवर कॉपी केल्याने किंवा फाइलचे नाव बदलल्याने मूल्य बदलत नाही, कारण नाव हे फाइलच्या मजकुराचा भाग नसते.

सर्वांत मोठी चूक मात्र कागद पुन्हा स्कॅन करण्याची. मूळ फाइल हरवली म्हणून तेच वाटणीपत्र त्याच यंत्रावर पुन्हा ठेवून 'तीच' फाइल तयार केली, तर तिचे मूल्य पहिल्याशी जुळत नाही. कागद केसभर सरकलेला असतो, प्रकाश किंचित निराळा पडतो, फाइलच्या आत वेळ वेगळी लिहिली जाते. वाचणाऱ्याला दोन्ही स्कॅन सारखेच, पण बाइट्स सगळे वेगळे. हॅश मूल्य कागदाचे नसते, मजकुराचेही नसते. ते त्या एका फाइलचे असते.

म्हणून मूल्ये न जुळल्यास पुढची पायरी म्हणजे प्रमाणपत्रावरच्या मूल्याशी जुळणारी फाइल शोधणे. प्रतिवादीला दिलेली प्रत, वकिलाच्या ईमेलमधली जोडलेली प्रत, स्कॅन झाले त्या संगणकातली प्रत, यांपैकी एक जरी जुळली तरी दाखल केलेली फाइल हीच, हे ठरले. मग ती आणि वादग्रस्त फाइल शेजारी ठेवून पाचवे पान पाहायचे. दोन्हीकडे २० आर असतील तर बदल निरुपद्रवी होता. एकीकडे २० आणि एकीकडे ७० असतील तर खोटेपणा उघड आहे, आणि कोणती फाइल खोटी हेही उघड आहे.

आता कोणते हॅश वापरायचे हा प्रश्न. अनुसूचीतल्या नमुन्यात एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी-५ आणि 'अन्य' असे पर्याय आहेत. यांतले दोन आज घेऊ नयेत असे माझे ठाम मत आहे. एमडी-५ पद्धतीत दोन वेगळ्या मजकुरांचे एकच मूल्य येईल अशी जोडी चिनी गणितज्ञ श्याओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये जाहीर केली. एसएचए-१ ची पाळी २०१७ मध्ये आली. ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधन संस्था आणि गूगल यांनी दोन पीडीएफ फाइली प्रसिद्ध केल्या. एकीत एक रंग, दुसरीत दुसरा, डोळ्यांना फरक स्पष्ट दिसतो, आणि दोन्हींचे एसएचए-१ मूल्य अक्षरशः एकच.

याचा अर्थ नीट समजून घ्यावा. आधीच दाखल झालेल्या फाइलशी एमडी-५ मूल्य जुळेल अशी नवी खोटी फाइल बनवणे आजही व्यवहारात कोणाला जमलेले नाही. जमते ते जुळणाऱ्या दोन फाइली एकाच वेळी, आधीपासून तयार करून ठेवणे. म्हणजे धोका त्या माणसाकडून आहे जो फाइल स्वतः तयार करतो आणि दुसऱ्याला प्रमाणित करायला देतो. अर्जदाराने स्वतः पीडीएफ बनवून आणली, अधिकाऱ्याने तिचे एमडी-५ मूल्य नोंदवहीत लिहिले आणि अर्जदाराच्या खिशात त्याच मूल्याची दुसरी पीडीएफ आहे, ही शक्यता खरी आहे. एसएचए-२५६ मध्ये अशी एकही जोडी आजवर सापडलेली नाही. तिला वेळ जास्त लागत नाही, वेगळे पैसे पडत नाहीत. मग जुनी पद्धत घेण्याचे कारण काय?

एवढे सगळे जमले तरी एक गोष्ट उरते, आणि न्यायालयात तीच विसरली जाण्याची भीती मला अधिक वाटते. हॅश मूल्य स्कॅन झाल्यानंतरच्या काळाचे बोलते. स्कॅन होतानाचे, त्याआधीचे, ते काहीच जाणत नाही. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाच्या पाहण्यात एका घराचा नकाशा आला. मूळ कागदावर तीन खोल्यांची क्षेत्रफळे १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर अशी होती. झेरॉक्स कंपनीच्या वर्कसेंटर यंत्रातून निघालेल्या प्रतीत तिन्ही खोल्या १४.१३ झाल्या होत्या. फाइल लहान व्हावी म्हणून ते यंत्र पानावरचे सारखे दिसणारे तुकडे एकदाच साठवून सगळीकडे तोच तुकडा छापत होते, आणि सारखेपणा ओळखण्यात चुकत होते. इतर कागदांत ६ चे ८ झालेलेही क्रीझेलला आढळले. कोणी खोडसाळपणा केला नव्हता, अक्षरे पुसटही नव्हती. आकडा ठळक, स्वच्छ आणि चुकीचा. पुढे कंपनीने यंत्रांच्या प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती दिली.

अशा यंत्रातून निघालेल्या फाइलचे हॅश मूल्य काढले असते, तर वर्षानुवर्षे ते बिनचूक जुळत राहिले असते. चूक न बदलता टिकली, एवढेच त्याने सिद्ध केले असते. आपल्या वाटणीपत्रातही स्कॅन करणाऱ्यानेच आधी कागदावर दोनाचे सात केले असतील, तर हॅश त्याच्याच बाजूने उभे राहील. म्हणून स्कॅन आणि हॅश यांच्यामधल्या पाच मिनिटांत एक जुने, हाताने करायचे काम करावेच लागते: कागद आणि पडदा शेजारी ठेवून प्रत्येक आकडा, प्रत्येक नाव, प्रत्येक चतुःसीमा ताडून पाहायची. शक्यतो दोन माणसांनी, एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने पाहायचे. यंत्रात दाब कमी ठेवण्याची सोय असेल तर ती निवडावी, फाइल मोठी झाली तरी चालेल. आणि मूळ कागद जपून ठेवायचा. कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडले म्हणून १९७४ चा कागद सिद्ध करण्याची जबाबदारी संपत नाही. तो कागद खरा आहे का, त्यावरच्या सह्या कोणाच्या, हे प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरे साक्षीदारांनी आणि मूळ दस्तऐवजानेच द्यायची आहेत.

तुमचा दस्तऐवज कोणी स्कॅन करून प्रमाणित करणार असेल, तर निघण्यापूर्वी तीन गोष्टी मागून घ्या. फाइल तुमच्यासमोर कागदाशी ताडलेली असावी. तिचे एसएचए-२५६ मूल्य, पूर्ण ६४ चिन्हे, तारीख आणि सहीसह कागदावर मिळावे. आणि तीच फाइल तुमच्या पेन ड्राइव्हवर कॉपी करून मिळावी. घरी आल्यावर ती उघडून पाहायची असेल तर आधी दुसरी प्रत काढा आणि ती उघडा. पहिली तशीच राहू द्या.